यकृतावरची चरबी घाईने उतरवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महिनाभरात दहा किलो वजन उतरवणाऱ्याचे कौतुक ऐकले की मला धास्ती वाटते, कारण त्या वाटेने मी जाऊन आलो आहे. वय ४३, दिवसाचे नऊ तास खुर्चीत, वजन ९२ किलो. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत सोनोग्राफीवर 'ग्रेड २ फॅटी लिव्हर' निघाले, यकृताला सूज असली की रक्तात वाढणारे एन्झाइम एसजीपीटी ५८. दारू मी घेत नाही आणि त्रासही काही होत नव्हता. घाबरून जेवण जवळजवळ बंद केले, तीन आठवड्यांत सात किलो उतरवले आणि पुन्हा रक्त तपासले. एसजीपीटी ८१!

डॉक्टरांनी कारण सांगितले. उपासमार झाली की शरीर साठवलेली चरबी भराभर रक्तात सोडते आणि त्यातली बरीच यकृतात येऊन पडते. हा लोंढा पेलला नाही तर यकृताची सूज वाढते. पित्ताशयात खडे होण्याचा धोका वेगळाच. म्हणून आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. वजन पाच टक्क्यांनी घटले तरी यकृतावरची चरबी ओसरू लागते. सूज उतरायला सात ते दहा टक्के लागतात. माझ्यासाठी हा हिशेब साडेसहा ते नऊ किलोंचा होता.

मग त्यांनी चहाचे विचारले. टेबलावर दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम. मी कधी मोजलीच नव्हती. साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज असतो. तो मुख्यतः यकृतातच पचतो आणि जास्त झाला की तिथेच त्याची चरबी बनते. दर पंधरा दिवसांनी कपामागे अर्धा चमचा कमी करत दोन महिन्यांत मी बिनसाखरेच्या चहावर आलो. फळांचा रस सोडला (त्यातही फ्रुक्टोज भरपूर), अख्खे फळ मात्र खात राहिलो. जेवण पूर्ववत केल्यावर घटवलेले वजन परत आले होते. तिथून नऊ महिन्यांत ते ८४ वर आले, एसजीपीटी ३४ आणि सोनोग्राफीत ग्रेड १.

एक गोष्ट मला उशिरा कळली. सोनोग्राफीचा ग्रेड फक्त चरबी सांगतो, यकृत कितपत कडक झाले आहे ते सांगत नाही. त्यासाठी वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून 'फिब-४' हा आकडा काढतात. तो जास्त आला तर यकृताचा कडकपणा मोजणारी फायब्रोस्कॅन तपासणी करतात. माझा आकडा कमी होता. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा ग्रेड १ आणि एसजीपीटी नॉर्मल, म्हणून तो निर्धास्त होता. त्याला मधुमेह असल्याने डॉक्टरांनी फिब-४ काढला, मग फायब्रोस्कॅन करायला लावले, आणि यकृत कडक होऊ लागल्याचे तेव्हा कुठे कळले.

आपला,
एक वाचक