चिंचोके संपले तेव्हा ती बोलली

संपादक महोदय,

1 ऑगस्ट जवळ आला की शाळाशाळांतून टिळक आणि अण्णा भाऊंवरची भाषणं घोकली जातात. बोलणारी मुलं दरवर्षी तीच. माझ्या सातवीतली एक मुलगी तर हजेरीलाही नुसता हात वर करायची. एकदा मी तिला बळेच फळ्यापाशी उभं केलं. ती रडली आणि दोन दिवस शाळेत आली नाही. चूक माझी होती.

पुढे वर्गातच वाद ठेवला: आठवडी बाजाराच्या दिवशी शाळा अर्धा दिवस असावी का? व्यासपीठ नाही, क्रमांक नाहीत. दोन्ही बाजू जमिनीवर समोरासमोर. आधी दहा मिनिटं जोडीजोडीने मुद्दे लिहायचे. प्रत्येकाला तीन चिंचोके. एकदा बोललं की एक ताटलीत टाकायचा, संपले की फक्त ऐकायचं. पाव तासात धीट मंडळींचे हात रिकामे झाले.

त्यातलाच एक जण म्हणाला होता, "बाजाराच्या दिवशी पोरं नुसती भटकतात." त्या अबोल मुलीच्या जोडीदारणीने हिला कोपर मारलं. हिने चिंचोका टाकला, पण तोंड उघडेना. मी सवयीने दुसऱ्याकडे वळणार होते. (प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात, हे शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या वर्गांत सत्तरच्या दशकात मोजून दाखवलं होतं, आपलंही वेगळं नाही.) मनात पाच मोजले.

"मी भटकत नाही," ती म्हणाली. "मेथीची जुडी सकाळी पंधराला जाते. चार वाजता पाचलापण कोणी घेत नाही. मी पोचते तोवर आई उरलेली शेळीपुढे टाकत असते."

कोणीतरी विचारलं, मग बुडालेला अभ्यास? दुसरा चिंचोका पडला. "शनिवारची शाळा सकाळचीच असते. ती वाढवा."

गणिताच्या तासाला ती आजही गप्पच असते. चिंचोक्यांतही खोट आहे: काही मुलं "मला पण तसंच वाटतं" म्हणून मोकळी होतात. म्हणून आता समोरच्याचा मुद्दा आधी आपल्या शब्दांत सांगायचा, मगच आपला, असा नियम केला.

हा प्रसंग मी डी.एल.एड.च्या विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा पहिलं उत्तर येतं, "तिचा आत्मविश्वास वाढला." मी विचारते, नेमका कशाने? तिला माहीत असलेल्या विषयाने, इतरांचे चिंचोके संपल्याने, की त्या पाच सेकंदांनी? तिथे खरी चर्चा सुरू होते. मात्र मी पाहिलेल्या सराव पाठांच्या निरीक्षण तक्त्यांत छात्राध्यापकाचा आवाज, फलकलेखन, साधनं यांना गुण असतात. कोणतं मूल किती वेळा बोललं, याला रकाना नसतो. तो हवा. मागे बसलेल्या सहाध्याय्याने बैठकीचा आराखडा काढायचा आणि मूल बोललं की त्याच्या जागी एक रेघ ओढायची, एवढंच. माझ्या वर्गाचा असा पहिला आराखडा काढला तेव्हा 34 पैकी 21 मुलांच्या जागी एकही रेघ नव्हती.

— एक प्राथमिक शिक्षिका, जुन्नर तालुका