त्या मिटलेल्या पाकिटाबद्दल

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्राला उत्तर द्यायला मला जवळजवळ चार महिने लागले. पुण्यात आपण मुलाची मानसशास्त्रीय तपासणी करून त्याला वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता असल्याचा अहवाल दिला होता. आम्ही त्या अहवालाशी असहमती कळवून दुसरे मत घ्यायचे ठरवले, तेव्हा खरे तर आमची मनाची तयारी वेगळ्याच उत्तराची होती. दोन वर्षांपूर्वी, मुलगा पहिलीत असताना, एका समुपदेशन केंद्रात अर्ध्या तासाच्या भेटीनंतर आम्हाला एक पानी कागद मिळाला होता. कोणती चाचणी घेतली हे त्यात नव्हते, आकडे नव्हते, "मुलगा लक्ष देत नाही, पालकांनी वेळ द्यावा" एवढेच होते. चाचणीचे नाव विचारले तेव्हा "आमच्यावर विश्वास नसेल तर दुसरीकडे जा" असे उत्तर आले आणि आम्ही खाली मान घालून साताऱ्याला परतलो. त्यामुळे आपल्याला ते पत्र लिहितानाही माझा हात कचरत होता.

आपले उत्तर आठव्या दिवशी आले, तीन पानी. दुसरे मत घेणे हा पालकांचा हक्क आहे आणि त्यात मला कमीपणा वाटण्यासारखे काहीच नाही, हे आपण पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकले होते. पुढच्या परिच्छेदापासून आपण आमच्या आक्षेपांकडे वळलात, आणि पहिला आक्षेप चक्क मान्य केलात. घरी आम्ही मराठी बोलतो, मुलगा इंग्रजी माध्यमात आहे, आणि वाचन-लेखनाची तपासणी मात्र फक्त इंग्रजीत झाली होती. "ही माझ्या मूल्यांकनाची खरी मर्यादा आहे, ती अहवालात ठळकपणे लिहायला हवी होती," हे आपले शब्द आहेत. इंग्रजी वाचता न येण्यामागे अध्ययन अक्षमता असू शकते, तसेच त्या भाषेशी पुरेसा सराव नसणेही असू शकते, आणि दोन्हींतला फरक मराठी वाचन तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, असे आपण समजावून सांगितले. म्हणून पुढच्या मानसशास्त्रज्ञांकडे मराठीतूनही तपासणी मागावी, आणि 'डाली' ही भारतीय भाषांसाठी तयार केलेली चाचणी मराठीतही उपलब्ध आहे, हेही आपणच सुचवले.

आमचा दुसरा आक्षेप बुद्ध्यांकावर होता. अहवालात ८४ लिहिले होते आणि तो आकडा माझ्या सासऱ्यांना सहनच झाला नव्हता. ज्या नातवाने एसटीची अर्धी वेळापत्रके तोंडपाठ केली आहेत, तो सरासरीपेक्षा कमी कसा, असा त्यांचा प्रश्न होता. आपण आकड्याची बाजू घेत बसला नाहीत. ८४ म्हणजे नेमके ८४ नव्हे, मोजणीतली चूक धरली तर खरा आकडा साधारण ७९ ते ८९ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो, हे आपण आधी सांगितले. मग तो आकडा आपण आमच्यासमोर उलगडून दाखवलात: भाषिक आकलन ९८, आकृत्यांवर आधारित विचार ९६, कार्यस्मृती ७४ आणि कामाचा वेग ७३. सरासरी शंभर धरली जाते, म्हणजे समजण्याच्या दोन्ही बाजू सरासरीच्या अगदी जवळ होत्या. ऐकलेले डोक्यात धरून ठेवणे आणि भराभर उरकणे या दोन बाजूंनी एकूण आकडा खाली ओढला होता. चार बाजूंत इतकी तफावत असेल तर त्यांचा एकच आकडा फारसे काही सांगत नाही, हे वाक्य मी सासऱ्यांना दोनदा वाचून दाखवले.

पण ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले, ती गोष्ट दुसऱ्या पानाच्या तळाशी होती. लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची एक नक्षी दोन मिनिटांत जुळवायची होती. मुदत संपली तेव्हा मुलाचे तीन ठोकळे जागेवर बसायचे राहिले होते, पण त्याने हात काढून घेतला नाही, आणि आपणही त्याला थांबवले नाहीत. आणखी पन्नास सेकंदांनी त्याने ती नक्षी बिनचूक पूर्ण केली. नियमानुसार शून्य गुण. "गुणपत्रकात या गोष्टीला जागा नाही, म्हणून ती मी पत्रात लिहीत आहे," असे आपण लिहिलेत. मॅडम, त्या दिवशी आम्ही दाराबाहेरच्या बाकावर बसलो होतो. आत आमचा मुलगा मुदत संपल्यावरही ठोकळे फिरवत होता आणि कोणीतरी ते शांतपणे पाहत होते, हे आम्हाला त्या ओळीने कळले. ती ओळ वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आम्हाला आकडा खोटा ठरवायचा नव्हता, आमचे मूल कोणाला तरी दिसले आहे का एवढेच हवे होते, हे मला तेव्हा उमगले.

पत्रासोबत मिटलेले पाकीट होते, वर "पुढील मानसशास्त्रज्ञांसाठी" असे लिहिलेले. त्यात नोंदपुस्तिकांच्या प्रती होत्या. चाचणीतले प्रश्न बाहेर फुटले तर ती चाचणीच निरुपयोगी होते, म्हणून त्या थेट आमच्या हातात देता येत नाहीत, हे आपण मोकळेपणाने सांगितले. पाकीट त्यांचे निष्कर्ष लिहून झाल्यावरच द्या, नाहीतर ते दुसरे मत न राहता पहिल्या मताची उजळणी होईल, अशी सूचनाही आपली होती. शिवाय हीच बुद्धिमापन चाचणी इतक्या लवकर पुन्हा घेऊ नका, ठोकळे आणि वेगाच्या कामांत सरावाने गुण वाढतात, आकडा सहा-सात अंकांनी वाढला तर त्यावरून मी चुकले असेही समजू नका आणि मुलगा बदलला असेही समजू नका, असे आपण बजावले. आपले स्वतःचे मत खोडून निघण्याची वाट आपणच आम्हाला आखून दिली होती.

आम्ही पुण्यातल्याच दुसऱ्या नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे गेलो. त्यांनी बुद्धिमापनासाठी वेगळी चाचणी वापरली आणि वाचन मराठीतही तपासले. मराठीत मुलगा ओळखीचे सुटे शब्द वाचत होता, पण उतारा आला की वेग कोलमडत होता. ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या गळत होत्या आणि 'प्रश्न', 'स्वच्छ' यांसारखी जोडाक्षरे तो पहिल्या अक्षरावरून अंदाजाने म्हणत होता. दोन्ही भाषांत अडचण एकाच जातीची निघाली. मग त्यांनी आमच्यासमोर आपले पाकीट फोडले आणि दोन्ही निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवले. अध्ययन अक्षमतेचे आपले निदान कायम राहिले. बुद्ध्यांकाबाबत त्यांनीही एक आकडा न देता बाजू वेगवेगळ्या लिहिल्या.

म्हणजे आपण बरोबर होतात आणि आमची असहमती बहुतांशी चुकीची होती. तरी ते मान्य करताना आम्हाला हरल्यासारखे वाटले नाही, याचे श्रेय त्या तीन पानांना आहे. आपण रागावला असता, किंवा आधीच्या केंद्राप्रमाणे दार लावून घेतले असते, तर आम्ही आपले खरे निदानही नाकारले असते आणि मुलाचे आणखी एक वर्ष "लक्ष दे" म्हणून ओरडण्यात गेले असते. चौथीच्या वर्षात त्याला विशेष शिक्षिकांकडे मराठी जोडाक्षरांपासून सुरुवात करून दिली आहे. शाळेला आम्ही जादा वेळेसाठी अर्ज केला, तेव्हा त्यासोबत दोन्ही अहवाल जोडले आणि आपली परवानगी घेऊन ती पन्नास सेकंदांची ओळही.

परवा त्याने मला विचारले, "ठोकळेवाल्या मॅडमना ते डिझाइन पूर्ण झालेले आवडले होते का?" मी त्याला आपली ओळ वाचून दाखवली. त्याने ती स्वतः पुन्हा वाचायला मागितली, आणि बोट ठेवत, थांबत थांबत, शेवटपर्यंत वाचली.

आपली कृतज्ञ,
एक आई, सातारा