माझं नाव, पाऊण मिनिटात

प्रिय ज्ञानदा,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी उत्तर लिहायचं होतं, पण वर्गातली ओळख करून देण्याची दुसरी फेरी व्हायची होती आणि ती झाल्याशिवाय लिहिण्यात अर्थ नव्हता. ती काल झाली. तू विचारलं होतंस, ‘तुझं नाव तिथे कुणाला घेता येतं का?’ आता सांगते, सगळंच सांगते, कारण पुढच्या वर्षी तूही अशाच वर्गात उभी राहणार आहेस.

पहिल्या दिवशी हजेरी घेताना शिक्षक एका नावाशी अडखळले. यादीत होतं Mrunmayee. सुरुवातीची दोन अक्षरं Mr अशी वेगळी वाचली गेली आणि ‘मिस्टर उन्मयी’ अशी हाक आली. वर्गात कुणी मुलगा उठतोय का, म्हणून सगळे इकडे तिकडे बघत होते. मी उठले, घाईघाईने ‘मृण्मयी’ म्हणाले, त्याला जोडूनच आडनाव म्हणाले आणि बसले. आता कळतं, चूक तिथेच झाली. ज्याने हा शब्द आयुष्यात ऐकलेला नाही त्याला नाव कुठे संपलं आणि आडनाव कुठे सुरू झालं हे कळायला काही खूणच नव्हती. त्यांच्या कानांवर सात-आठ अनोळखी आवाजांची एक माळ पडली आणि विरून गेली.

पुढचे काही दिवस सगळे माझ्याशी छान वागले, पण नाव कुणी घेतलं नाही. नाव पोचलेलं नाही हे त्यावरूनच ओळखायचं. माणसं पुन्हा विचारत नाहीत, त्यांना संकोच वाटतो. ती समोर येऊन उभी राहतात, खांद्याला हात लावतात, ‘ऐक ना’ म्हणतात, किंवा तिसऱ्याला माझ्याबद्दल सांगताना ‘खिडकीजवळ बसते ती’ म्हणतात. चारचौघांत सगळ्यांना नावानं हाक मारली जाते आणि आपल्यापाशी आल्यावर वाक्य वळण घेतं. ज्ञानदा, हे मला फार लागलं.

मग एका मुलीनं मात्र मनावर घेतलं. जेवायच्या सुट्टीत माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, शिकव. मी आपलं पुस्तकी वळणानं ‘ण’पासून सुरुवात केली. जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायचं वगैरे. तिला तो जमलासुद्धा! आणि मग तिनं पूर्ण नाव एकेक आवाज सुटा करत, अगदी मन लावून म्हटलं: ‘म-र-ण-म-यी’.

मरणमयी. मरणानं भरलेली.

तिला काय कळणार होतं? ती आनंदानं हसत होती आणि माझ्या अंगावर काटा आला होता. त्या रात्री मी वही घेऊन बसले आणि नावातल्या कुठल्या चुका चालतील आणि कुठली चालणार नाही ते पहिल्यांदा नीट ठरवलं.

‘ण’च्या जागी ‘न’ आला तर? चालेल. खरं सांगायचं तर व्याकरण त्यांच्याच बाजूचं आहे. शब्द बनलाय मृद् म्हणजे माती आणि मय यांचा. पुढे ‘म’ आला की ‘द्’चा त्याच्याच वर्गातला अनुनासिक होतो, म्हणजे ‘न्’. चित् आणि मय यांचं चिन्मय, तत् आणि मय यांचं तन्मय, वाक् आणि मय यांचं वाङ्मय होतं, तसंच मृन्मय. आपल्याकडे ‘ऋ’च्या शेजारानं ‘ण’ रुळला आणि मृण्मयी हेच रूप घरोघर गेलं. मलाही तेच हवं, ते माझं आहे. पण कुणी ‘न’ म्हटला तर त्याला टोकायचा मला काय अधिकार?

‘रु’च्या जागी ‘रि’? तेही चालेल. आपण मराठीत ऋ ‘रु’सारखा म्हणतो, हिंदीत ‘रि’सारखा म्हणतात. म्हणून कुणी Mrunmayee लिहितं, कुणी Mrinmayi. मूळ स्वर दोघांच्याही तोंडून केव्हाच गेला. माझ्या कागदपत्रांवर एकच स्पेलिंग राहिलं पाहिजे एवढं मात्र मी जपते.

न चालणारी गोष्ट एकच. ‘म’ आणि ‘र’ यांच्यामध्ये स्वर घुसता कामा नये. तो घुसला की माती जाते आणि मरण येतं. आणि नेमकं तिथेच बहुतेकांचं अडतं, कारण शब्दाच्या सुरुवातीलाच ‘म्र’ हे जोडाक्षर त्यांच्या भाषेत येत नाही. जीभ सवयीनं मध्ये ‘अ’ नाहीतर ‘इ’ टाकून वाट करून घेते. म्हणजे मी शिकवायला बसले होते ‘ण’, आणि शिकवायला हवा होता ‘म्र’.

तो शिकवायची युक्ती मला अचानक सापडली. वर्गात कुणीतरी ‘कॅमेरा’ म्हटलं, आणि इथे सगळे तो घाईत ‘कॅम्रा’ असाच म्हणतात. म्हणजे ‘म्र’ त्यांच्या तोंडात आहे, फक्त शब्दाच्या मधोमध. त्या मुलीला म्हटलं, कॅम्रा म्हण. आता ‘कॅ’ मनातल्या मनात म्हण आणि उरलेलं मोठ्यानं. ‘म्रा’. आता ‘आ’ऐवजी ‘उ’. ‘म्रु’. तिसऱ्या खेपेला स्वच्छ आलं! पुढचं सोपं होतं. ‘म्रुन्’वर थोडं थांबायचं, ‘म’ हलका सोडायचा आणि ‘यी’ लांबवायचा. फक्त लिहिलेलं वाचू द्यायचं नाही, कारण may दिसलं की ते ‘मे’ म्हणतात आणि नाव ‘म्रुनमेई’ होतं. आधी कानानं, मग डोळ्यांनी.

आता अर्थाचं. पहिल्यांदा मी संधी, प्रत्यय सगळं सांगायला गेले होते आणि ऐकणाऱ्याचे डोळे विझत गेलेले मला दिसले. अर्थ सांगायचा तो नाव लक्षात राहावं म्हणून, आपली विद्वत्ता दिसावी म्हणून नव्हे. म्हणून एका वाक्यात बसवला. ‘मातीची, मातीनं घडलेली.’ त्याहून जास्त विचारलं तरच सांगायचं.

आणि काल विचारलंच. आधी मी काय बोलले ते तुला जसंच्या तसं देते. घरी घड्याळ लावून पाहिलं होतं, थांबे धरून पाऊण मिनिट होतं:

‘नमस्कार. माझं नाव मृण्मयी.’ इथे थांबले, आडनाव घेतलंच नाही. ‘तीन तुकड्यांत म्हणते: मृण्, म, यी. पहिला तुकडा अवघड आहे. कॅम्रा म्हणा आणि त्यातला कॅ सोडून द्या, म्हणजे तुम्ही अर्ध्या वाटेवर पोचलात. मृद् म्हणजे माती आणि मयी म्हणजे तिची बनलेली. मी मातीची मुलगी. न आणि ण यांत गोंधळ झाला तरी मला चालेल, फक्त सुरुवातीचे म आणि र एकमेकांना चिकटून राहू द्या. ते सुटे झाले तर माझ्या भाषेत अर्थ बदलतो. नाव चुकलं तर मी हळूच सांगेन आणि पुन्हा विचारलंत तर मला आनंद होईल. मृण्मयी.’

शेवटी नाव पुन्हा घेतलं ते मुद्दाम. अर्थ ऐकेपर्यंत नाव विसरलेलं असतं. अर्थ कळल्यावर ते पुन्हा कानावर पडलं की चिकटतं.

मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, ‘मृत्यू या शब्दाशी याचा संबंध आहे का?’ त्याच्या भाषेतही तो शब्द आहे. बघ, हा प्रश्न मला वहीशी बसल्या रात्रीपासून अपेक्षित होता. मी सांगितलं की दोन्ही शब्द दिसायला शेजारी आहेत, पण घराणी वेगळी आहेत. मृत, मृत्यू हे ‘मृ’ म्हणजे मरणे या धातूपासून आले. माझी मृद् म्हणजे चुरलेली, मळलेली माती. मृदा, मृत्तिका तिच्याच. मृदंग म्हणजे ज्याचं अंग मातीचं तो, अशी त्याची फोड करतात. मृदंग त्याला माहीत होता! त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता हा माझं नाव विसरणार नाही.

एकानं प्रेमानंच सुचवलं, सगळ्यांना सोपं जावं म्हणून ‘माया’ म्हणू का? मी नको म्हटलं. राग आला नाही, पण माया वेगळी आणि माती वेगळी. तू म्हणतेस ते ‘मृणू’ही मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. ते तुझ्याकडेच राहू दे.

आज सकाळी दारातच तीन वेळा हाक आली. एक ‘म्रिन्मयी’, एक ‘म्रुनमयी’ आणि एक अगदी नेमकी, ‘ण’सकट. ती त्या सुट्टीतल्या मुलीची होती. मी तिन्ही हाकांना ओ दिली.

आता तुझ्याकडे येते. तुझं नाव माझ्याहून अवघड आहे, हे ध्यानात घे. ज्ञ आपण ‘द्न्य’ म्हणतो, हिंदीत ‘ग्य’ म्हणतात आणि Dnyanada वाचून लोक ‘डिन्यानदा’ म्हणतील. मला वाटतं, तू ‘द’चा आग्रह सोडावास आणि ‘न्या’पासून शिकवावंस, तो बहुतेकांना येतो. अर्थ तर तुझा एका वाक्याचाच आहे, ज्ञान देणारी. पण कुठली चूक चालेल आणि कुठली नाही, ते तुझं तूच ठरव. मी ठरवून उपयोग नाही. वहीत लिहून काढ, मोठ्यानं म्हणून बघ आणि मला पाठव. मी इथे त्या मुलीला वाचून दाखवीन आणि तिच्या तोंडून काय निघतं ते तुला कळवीन.

काकूंना नमस्कार सांग.

तुझीच,
मृणू