नाव वेगळं दिसलं म्हणून

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

शनिवारी फोनवर माझा आवाज चढला, ते अजून मनात सलतंय. बाबा, डबेवाल्या सुनंदाताईंचा नंबर टाकल्यावर अ‍ॅपने 'रोहन विलास सावंत' दाखवलं आणि तुम्ही थांबलात, ते योग्यच केलंत. मला राग आला तो आई दुखरा गुडघा घेऊन तीन जिने उतरली आणि रोख ४,५०० रुपये देऊन आली म्हणून.

डबा तुम्हाला न विचारता लावला, हे खरं. आईच्या हातची चव त्याला नाही, ठाऊक आहे मला. पण ऑपरेशनला अजून दोन महिनेही झाले नाहीत, तासभर ओट्याशी उभं कसं राहणार? भाकरी मऊच द्या, तिखट कमी घाला, असं मी ताईंना सांगून ठेवलंय.

आता त्या नावाचं. जून २०२५ अखेरीपासून यूपीआय अ‍ॅपना पैसे जाण्याआधी खातेदाराचं बँकेत नोंदलेलं नावच दाखवावं लागतं. आपण फोनमध्ये 'सुनंदाताई डबा' असं सेव्ह केलेलं असलं, तरी बघायचं ते बँकेचं नाव. त्यावरून पैसे कोणाच्या खात्यात जाणार ते कळतं, पण माणूस आपलाच आहे की नाही ते कळत नाही. ताईंचं खातं मुलाच्या नावावर आहे, म्हणून रोहन दिसला. दुकानाच्या क्यूआरवरही कधीकधी दुकानाऐवजी मालकाचं नाव येतं. पण एक आकडा चुकला किंवा क्यूआरवर कोणी दुसरा चिकटवला, तरीही असंच अनोळखी नाव येईल.

म्हणून पिन टाकण्याआधी फोन करायचा, आणि तो आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर. 'रोहनच ना?' असं विचारू नका, लबाड माणूस लगेच हो म्हणेल. 'खातं कोणाच्या नावावर आहे?' एवढंच विचारा आणि नाव त्यांच्या तोंडून येऊ द्या. जुळलं तर आधी १ रुपया पाठवा, मिळाला असं त्याच फोनवर त्यांनी सांगितलं की उरलेले. नाव जुळलं नाही तर मागे फिरा. एकदा गेलेले पैसे आपल्याला परत ओढता येत नाहीत, चुकून दुसऱ्याच्या खात्यात पडले तर बँकही त्याची संमती मागते. फसवणूक वाटली तर क्षणही न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला आणि बँकेला फोन करा, माझी वाट बघू नका.

बाबा, दूध आणायला पाठवताना सुटे पैसे माझ्या मुठीत ठेवून तुम्ही ते दोनदा मोजायला लावायचात. मी वैतागायचे, तरी मोजायचे. तुम्हीही आता नाव दोनदा वाचाल ना? चष्मा लावून, उजेडात.

पुढच्या महिन्याचे पैसे मी शनिवारी आल्यावर तुमच्याच फोनवरून, तुमच्या हातून पाठवू. आई, तोवर जिना उतरायचा नाही. काही लागलं तर खालच्या वाण्याला फोन कर, तो वर आणून देतो.

तुमची,
मनू