लेटरहेडवरची फर्म आणि सही करणारा भागीदार : सहकार मंत्र्यांना खुले पत्र

मा. सहकार मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

गंगापूर रोड असो की सिडको, नाशिकच्या सोसायट्यांच्या वार्षिक सभेत लेखापरीक्षक नेमताना एकच प्रश्न येतो : ‘सहकार खात्याच्या नामतालिकेवर आहे ना?’ अहवालाखाली सही नक्की कोणाची, हे कुणी पाहत नाही.

सीए फर्मच्या अहवालात फर्मच्या नावाखाली तिचा आयसीएआय या सनदी लेखापालांच्या संस्थेकडचा नोंदणी क्रमांक असतो. सहा अंक आणि एक अक्षर. आपल्या पश्चिम विभागात ते W. त्याखाली सही करणाऱ्याचे नाव, त्याच संस्थेतला त्याचा सहा अंकी सभासद क्रमांक आणि युडीआयएन, म्हणजे त्या दस्तऐवजापुरता काढलेला १८ चिन्हांचा ओळख क्रमांक. युडीआयएनचे पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे सहा सभासद क्रमांकाचे. म्हणजे पहिली तपासणी कागदावरच होते. ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या अहवालावरचा युडीआयएन २५ ने सुरू व्हायला हवा आणि त्यापुढचे सहा अंक सहीखालच्या क्रमांकाशी जुळायला हवेत. जुळले नाहीत, तर तिथेच थांबावे.

जुळले तरी udin.icai.org वर तो टाकून पाहावा. लॉगिन लागत नाही, मोबाइलवर ओटीपी येतो. आता समजा, क्रमांक खरा निघाला, पण तो लेखापरीक्षणासाठी नव्हे तर एखाद्या दाखल्यासाठी काढलेला आहे. असा क्रमांक दुसऱ्या अहवालावर चिकटवलेला असू शकतो. म्हणून दस्तऐवजाचा प्रकार, तारीख आणि नोंदवलेले आकडे अहवालाशी ताडून पाहावेत. रद्द केलेला युडीआयएनही तिथेच कळतो.

यातून सभासद खरा ठरतो. तो आजही त्या फर्मचा भागीदार आहे का, हा प्रश्न उरतोच, कारण लेटरहेड जुने असू शकते. त्यासाठी फर्मकडून आयसीएआयचे ताज्या तारखेचे फर्म कॉन्स्टिट्यूशन सर्टिफिकेट मागावे; त्यात भागीदारांची नावे व सभासद क्रमांक असतात. फर्म एलएलपी असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या, संकेतस्थळावर नियुक्त भागीदार फुकट दिसतात. रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नाव सापडले नाही म्हणून मात्र फर्मला बोगस ठरवू नये. १९३२ च्या भागीदारी कायद्यात ती नोंदणी ऐच्छिक आहे.

वकिलांचे निराळेच. बार कौन्सिलच्या सनदेवर नोंद व्यक्तीची होते, फर्मची नव्हे. तिथे प्रत्येक भागीदाराचा सनद क्रमांक स्वतंत्रपणे पाहावा लागतो.

आमची मागणी छोटी आहे. नामतालिकेत फर्मच्या नावापुढे तिचा नोंदणी क्रमांक, सही करू शकणाऱ्या भागीदारांचे सभासद क्रमांक आणि ही माहिती शेवटी कधी तपासली ती तारीख, एवढे तीन रकाने ठेवा. सोसायटीच्या सचिवाला मग अहवाल हातात घेऊन पाच मिनिटांत ताळा करता येईल.

आपले,
नाशिकमधील काही सनदी लेखापाल व वकील