‘लॅक्टोज-फ्री’ म्हणजे दूधमुक्त नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लॅक्टोज-फ्री दूध, आइस्क्रीम आणि प्रोटीन पावडर आता साध्या दुकानांतही मिळू लागली आहे, आणि दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांचे पालकही ती निर्धास्तपणे घेतात, असे आहारतज्ज्ञ म्हणून मी पाहते. ही निवड धोक्याची आहे.

लॅक्टोज ही दुधातील साखर. ती पचवणारे लॅक्टेज हे विकर वाढत्या वयात अनेकांच्या लहान आतड्यात कमी होत जाते. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोहोचते, तेथील जिवाणू ती आंबवतात आणि पोट फुगते, गॅस होतो, जुलाब होतात. हा त्रास जिवावर बेतत नाही आणि तो मात्रेवर अवलंबून असतो. अशा बहुतेक प्रौढांना एका वेळी सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण कपभर दूध, फारशा तक्रारीविना चालते. अ‍ॅलर्जीत मात्र रोगप्रतिकारक यंत्रणाच केसीन किंवा व्हे या दुधातील प्रथिनांवर उलटते. तेथे चमचाभर दूधही पुरेसे ठरू शकते, आणि बहुधा काही मिनिटांपासून दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, धाप लागते. क्वचित रक्तदाब कोसळून प्राणही धोक्यात येतो.

आता लॅक्टोज-फ्री दूध कसे बनते ते पाहू. नेहमीच्या दुधात लॅक्टेज मिसळले की लॅक्टोजचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे विघटन होते (म्हणूनच हे दूध किंचित गोड लागते). प्रथिने जागच्या जागी राहतात. ज्याला दूध पचत नाही त्याच्यासाठी ही उत्तम सोय आहे, पण अ‍ॅलर्जी असलेल्या मुलासाठी हे दूध आणि साधे दूध यांत काहीच फरक नाही. त्याला गाईऐवजी शेळीचे दूध देण्याचा घरगुती उपायही बहुधा फसतो, कारण दोन्हींतील प्रथिने फार मिळतीजुळती असतात.

उलट बाजूने अनावश्यक पथ्यही पाळले जाते. मुरवलेल्या कडक चीजमध्ये लॅक्टोज जवळजवळ उरत नाही, तरी ‘दूध आहे’ एवढे वाचून पचनाचा त्रास असलेली माणसे ते टाळतात.

आपल्याकडील २०२० च्या लेबल नियमांनुसार दूध हा अ‍ॅलर्जीकारक घटक म्हणून जाहीर करावा लागतो. पण ही सूचना बहुधा पाठीमागे बारीक अक्षरांत असते आणि ‘लॅक्टोज-फ्री’ हे शब्द दर्शनी बाजूवर ठळक असतात. अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी दर्शनी बाजू सोडून घटकांच्या यादीत मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, केसीनेट हे शब्द शोधावेत. मसालेदार चिप्समध्येही ते सापडतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ‘लॅक्टोज-फ्री’च्या लगत, तितक्याच मोठ्या अक्षरांत, ‘दुधातील प्रथिने आहेत, दुधाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी नाही’ असे छापणे उत्पादकांना बंधनकारक करावे, अशी माझी विनंती आहे.

आपली,
एक वाचक, पुणे