बीपी आहे म्हणून ‘साधी’ सुई मागू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी भांडुपला बावीस वर्षं दातांचा दवाखाना चालवते. महिन्यातून चार-पाच वेळा तरी एक वाक्य कानावर येतं: ‘मला बीपी आहे, मला ती ॲड्रेनलिनवाली सुई नको, साधी द्या.’ हा समज किती महागात पडतो ते एका रुग्णाच्या अनुभवावरून सांगते.

पासष्टीचे एक काका खालची दाढ काढायला आले. आल्या आल्या म्हणाले, ‘डॉक्टर, आम्हा बीपीवाल्यांना भूल पूर्ण चढत नाही. मागच्या वेळी फार हाल झाले.’ मागच्या वेळी म्हणजे दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका दवाखान्यात. बीपी आहे म्हणून त्यांना बिना ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं होतं. वरची दाढ, तीन मुळांची. नुसत्या लिग्नोकेन या भुलीच्या औषधाने वरच्या जबड्यात दाताची बधिरता पाच-दहा मिनिटंच नीट टिकते. दाढ हलवायला लागेपर्यंतच ती उतरू लागली आणि काका खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. अशा वेदनेत आणि भीतीत शरीर स्वतःचं ॲड्रेनलिन रक्तात सोडतं, आणि ते आमच्या सुईतल्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त असू शकतं. बीपी वाढू नये म्हणून जे टाळलं, तेच आतून आलं.

ॲड्रेनलिन सुईत घालतात ते हृदयासाठी नाही. ते हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं. त्यामुळे भुलीचं औषध रक्तात वाहून न जाता दाताभोवती राहतं, बधिरता तासभर टिकते आणि रक्तही कमी जातं. आपल्याकडे सर्रास वापरतात त्या कुपीवर १:८०,००० लिहिलेलं असतं. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये साडेबारा मायक्रोग्रॅम. एका दाढेला साधारण दोन मिलिलिटर लागतं, म्हणजे २५ मायक्रोग्रॅम. हृदयविकार असलेल्या किंवा बीपी नीट आवाक्यात नसलेल्या माणसासाठी एका बैठकीला ४० मायक्रोग्रॅमची मर्यादा आम्ही पाळतो. तेव्हा ॲड्रेनलिन नकोच असं नाही. ते किती आणि कसं द्यायचं, एवढाच प्रश्न असतो.

‘कसं’ला फार अर्थ आहे. खालच्या दाढेची सुई ज्या नसेजवळ द्यायची, तिच्या अगदी शेजारून रक्तवाहिन्या जातात. म्हणून औषध सोडण्याआधी सिरिंजचा दट्ट्या किंचित मागे ओढून पाहायचा. काचेत रक्ताची रेघ दिसली तर सुई वाहिनीत शिरली आहे. ती मागे घेऊन जागा बदलायची आणि मग औषध सावकाश सोडायचं, मिलिलिटरला मिनिटभर तरी. सुई दिल्यावर छातीत धडधडलं, हात थरथरले, म्हणून ‘मला त्या इंजेक्शनची ॲलर्जी आहे’ असं सांगणारे अनेकजण भेटतात. बहुतेक वेळा औषध वाहिनीत किंवा फार घाईने गेलेलं असतं, आणि ते काही मिनिटांत आपोआप ओसरतं.

आता काकांकडे वळते. स्टेशनचा पूल आणि आमचा जिना चढून ते आले होते, म्हणून आधी दहा मिनिटं शांत बसवलं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, बोलणं बंद. तरी बीपी १८४/११२. थोड्या वेळाने पुन्हा घेतलं, १८२/११०. वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० च्या घरात असेल तर तातडीचं नसलेलं काम मी करत नाही. खोदून विचारल्यावर कारण सापडलं. दाढ दुखत असल्याने जेवण धड नव्हतं, आणि ‘रिकाम्या पोटी कशाला’ म्हणून तीन दिवस रोजच्या गोळ्या बंद होत्या. शिवाय केमिस्टकडून आणलेली डायक्लोफिनॅक दिवसातून दोनदा चालू होती. या जातीच्या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात आणि बीपीच्या काही औषधांचा जोरही कमी करतात.

काकांना धाप नव्हती, छातीत दुखत नव्हतं, डोकं किंवा नजर यांचीही तक्रार नव्हती. असती तर थेट रुग्णालयात पाठवलं असतं. त्यांच्या फिजिशियनना फोन केला. नेहमीच्या गोळ्या पुन्हा सुरू, डायक्लोफिनॅक बंद, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, असं ठरवून काकांना घरी पाठवलं. ‘सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन या’ एवढं मात्र बजावलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी पिशवी घेऊन सोबत आली. बीपी १४६/८८. पिशवीत अपेक्षेप्रमाणे ॲम्लोडिपिन होतं, आणि एक पट्टी प्रोप्रॅनोलॉलची. ‘ही बीपीची नाही हो, हात कापतो त्याची आहे,’ काका म्हणाले. ती दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली, म्हणून मला सांगायची गरज त्यांना वाटली नव्हती. मला मात्र सगळ्यात महत्त्वाची तीच होती. ॲड्रेनलिन काही रक्तवाहिन्या आवळतं आणि स्नायूंमधल्या वाहिन्या सैल करतं, त्यामुळे बीपीचा तोल बराचसा राहतो. प्रोप्रॅनोलॉल सैल करणारी बाजू अडवतं आणि आवळणारी तेवढी उरते. मग बीपी झपकन चढू शकतं आणि नाडी उलट मंदावते. घाबरलेल्या माणसाची नाडी पळते. बीपी चढतंय आणि नाडी मात्र हळू होतेय, असं दिसलं की खूण पटते. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल या नात्यातल्याच गोळ्यांमध्ये हा धोका बराच कमी असतो. म्हणून या सगळ्या गोळ्यांचं ‘बीटा ब्लॉकर’ हे गटाचं नाव नुसतं कळून भागत नाही, नेमक्या गोळीचं नाव लागतं. मायग्रेनसाठीही प्रोप्रॅनोलॉल देतात, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं. आणि ती गोळी दाढेसाठी आपल्या मनाने अजिबात बंद करू नये. एकदम थांबवण्याचे धोके वेगळेच आहेत.

काकांसाठी मी सौम्य, १:२,००,००० ची कुपी घेतली. त्यात मिलिलिटरला पाचच मायक्रोग्रॅम असतात. आधी अर्धा मिलिलिटर दिलं, पाच मिनिटं थांबले, बीपी आणि नाडी पाहिली. १५०/८८, नाडी ६६, सुरुवातीला होती तेवढीच. मग उरलेलं दीड मिलिलिटर सावकाश दिलं. ओठ जड झाला, टोकरून पाहिलं तर काही कळेना, तेव्हाच चिमटा उचलला. दाढ निघाली, कापसाचा बोळा चावून धरला, तरी काका विचारत होते, ‘सुरू केलं का?’ खुर्ची सरळ केल्यावर त्यांना दोन-तीन मिनिटं तसंच बसवून ठेवलं. बीपीच्या गोळ्यांवर असलेली माणसं आडवी असताना झटकन उठली तर भोवळ येऊन पडतात.

शेवटी माझ्या फिजिशियन मित्रमैत्रिणींना एक कळकळीची विनंती. ‘दात काढण्यास हरकत नाही’ एवढीच चिठ्ठी रुग्णाच्या हाती देऊ नका. तिच्यावर गेल्या काही भेटींतले बीपीचे आकडे आणि चालू असलेल्या प्रत्येक गोळीचं नाव लिहा, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांसकट. काकांच्या पहिल्या दिवशीच्या चिठ्ठीवर हरकत नसल्याची सही होती. प्रोप्रॅनोलॉलचा उल्लेख नव्हता.

आपली,
एक दंतवैद्य, भांडुप, मुंबई